फोटोतला प्रश्न वाचता येतो, तरी उत्तर का चुकतं?

प्रश्न: माझा भाचा दहावीला आहे. गणितं अडली की पुस्तकाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. फोटो जरा अंधुक असतात, कधी कडेला कापलेले, पण वाचता येतात. तरी माझी एक-दोन उत्तरं त्याच्या सरांनी चूक दिली. आकडेमोड बरोबर होती. असं का होतं? आणि जे दिसत नाही ते त्याला कसं सांगायचं?

उत्तर:

‘वाचता येतात’ तिथेच खरी गोम आहे. वाचता येतात ते शब्द. गणिताचं उत्तर ज्यावर ठरतं ती चिन्हं, घात आणि दशांशचिन्हं त्याच फोटोत वाचता येत असतीलच असं नाही.

‘चक्रवाढ व्याज’ या शब्दांतलं एखादं अक्षर पुसट असलं तरी तुम्ही अडत नाही, कारण शेजारची अक्षरं त्याची साक्ष देतात. आकड्यांना असे साक्षीदार नसतात. ₹१,५०० आणि ₹९,५०० या दोन्ही रकमा गणितात तितक्याच शोभून दिसतात. देवनागरी १ आणि ९ मध्ये फरक आहे तो वरच्या छोट्याशा वळणाचा, आणि अंधुक फोटोत नेमकं तेच मिटतं. मी शिकवणीच्या मुलांचे असे फोटो रोज बघतो. शब्द न लागल्यामुळे गणित चुकलं असं फारसं होत नाही, चुकतं ते अशा बारीक खुणांमुळे.

या खुणा आधी का जातात ते मोजून बघा. ए-फोर आकाराचं पान २९७ मिलीमीटर लांब असतं. पूर्ण पानाचा फोटो काढला आणि पाठवताना आकार कमी होऊन तो लांबीला १६०० पिक्सेलचा उरला असं धरू. म्हणजे एका मिलीमीटरला साधारण साडेपाच पिक्सेल. दोन-अडीच मिलीमीटर उंचीच्या अक्षराला अकरा ते तेरा पिक्सेल मिळतात, तेवढ्यात अक्षर ओळखू येतं. पण अर्ध्या मिलीमीटरच्या दशांशचिन्हाच्या वाट्याला जेमतेम तीन येतात, आणि वजाच्या रेघेच्या जाडीला एक-दीड. हात दोन पिक्सेलइतका हलला की अक्षराची कड पुसट होते, दशांशचिन्ह मात्र कागदाच्या रंगात मिसळून जातं. त्यात जेपेग फोटो ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबला जातो आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील आधी टाकला जातो. x च्या डोक्यावरचा घात अख्खा अशा एखाद-दुसऱ्या चौकोनात मावतो, मग तो 2 होता की 3 हे कळायला काही उरत नाही. तुम्ही कितीही झूम केलंत तरी तेच चौकोन मोठे दिसतात.

आता मुद्द्याचं. चुकीचं वाचल्यावर उत्तर विचित्र आलं तर आपण लगेच थांबतो. माणसाचा वेग ताशी ४५ किलोमीटर निघाला की ४.५ मधलं दशांशचिन्ह हरवलंय हे कळतं. फसवतात ती वाचनं, ज्यांचं उत्तरही सुबक येतं. समजा फोटोत एवढंच दिसतंय: x², मग काहीतरी आडवं, 5x, पुन्हा काहीतरी पुसट, आणि 6 = 0. चिन्हं कुठलीही असू शकतात, आणि गंमत अशी की चारही प्रकारांत अवयव पूर्णांकांत पडतात.

```
x² − 5x + 6 = 0   →   2, 3
x² − 5x − 6 = 0   →   6, −1
x² + 5x − 6 = 0   →   −6, 1
x² + 5x + 6 = 0   →   −2, −3
```

आपल्याला सवय असते पहिल्या ओळीची, कारण अवयव शिकताना बहुतेकांनी आधी तेच सोडवलेलं असतं. मग डोळा पुसट ठिपक्याला बेधडक अधिक म्हणून मोकळा होतो. तुम्ही २ आणि ३ काढता, समीकरणात घालून ताळा करता, ताळा बरोबर येतो. येणारच! तुम्ही ताळा केलात तो स्वतः वाचलेल्या समीकरणाचा. छापलेलं समीकरण त्या ताळ्यात कुठे आलंच नाही. तुमच्या भाच्याच्या बाबतीत ‘आकडेमोड बरोबर, उत्तर चूक’ झालं ते बहुधा याच वाटेने.

बहुपर्यायी प्रश्नात हे आणखी अवघड होतं. आपल्याला वाटतं, आपलं उत्तर पर्यायांत आहे म्हणजे प्रश्न नीट वाचला. पण पेपर काढणारा चुकीचे पर्याय रचतो तेच मुळी चिन्हाची चूक करणाऱ्या मुलाला पकडण्यासाठी. वरच्या चारही जोड्या चार पर्याय म्हणून सहज दिलेल्या असू शकतात. त्यामुळे चिन्ह चुकीचं वाचलंत तरी तुमचं उत्तर पर्यायांत सापडेलच.

कापलेल्या फोटोचं दुखणं वेगळं आहे. अंधुक भाग निदान दिसतो तरी. कापलेला भाग दिसतच नाही, आणि उरलेलं वाक्य पुष्कळदा व्याकरणाने पूर्ण असतं. उदाहरणार्थ, फोटोत आहे: ‘१०,००० रुपयांचे द.सा.द.शे. १० दराने २ वर्षांचे चक्रवाढ व्याज काढा.’ यात काही कमी आहे असं कोणाला वाटेल? तुम्ही वर्षाला १० टक्के धरून रास १२,१०० आणि व्याज २,१०० रुपये काढता. पण खालच्या ओळीत, फोटोच्या बाहेर, कंसात छापलंय: ‘व्याज आकारणी सहामाही’. मग दर होतो सहा महिन्यांना ५ टक्के आणि मुदती होतात चार. रास १०,५००, ११,०२५, ११,५७६.२५ अशी चढत १२,१५५.०६ वर जाते आणि व्याज येतं २,१५५.०६ रुपये. फरक पंचावन्न रुपयांचा, पण पेपरात उत्तर चूक.

फोटो कापलाय हे ओळखायच्या काही खुणा आहेत. प्रश्नाचा क्रमांक दिसत नसेल तर वरचा किंवा डावा भाग गेलाय, आणि वर ‘प्रश्न ४ ते ७ साठी’ अशी सामायिक सूचना असण्याची शक्यता आहे. पर्याय दोनच दिसत असतील तर खालचं गेलंय हे उघड आहे. दिलेली एखादी माहिती कुठेच वापरावी लागली नाही, किंवा एखादी गोष्ट गृहीत धरल्याशिवाय पुढे जाता आलं नाही, तरी संशय घ्यावा. व्याजाच्या गणितात मात्र यातली एकही खूण नाही. म्हणून मी फोटोत प्रश्नाखालची कोरी जागा किंवा पुढच्या प्रश्नाचा क्रमांक दिसला नाही, तर प्रश्न संपलाय असं धरतच नाही.

‘मग स्कॅनिंगच्या अ‍ॅपने फोटो स्वच्छ करून पाठवायला सांगू का?’ असं तुम्ही विचाराल. जपून. काळा-पांढरा फिल्टर लावला की कागदावरचे डाग जातात, आणि दशांशचिन्हही डागातच जमा होतं. यंत्राने स्वच्छ दाखवलं म्हणजे खरं दाखवलं असं नाही, याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला आढळलं की झेरॉक्स कंपनीची काही वर्कसेंटर मशीन स्कॅन करताना आकडेच बदलतायत. घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ होती, आणि प्रतीत तिन्ही ठिकाणी ठसठशीत १४.१३ आलं. जागा वाचवायला मशीन सारखे दिसणारे तुकडे एकच समजून तोच तुकडा पुन्हा चिकटवत होतं. अंधुक आकड्यावर निदान शंका तरी येते, त्या आकड्यांवर कोणाला येणार?

आता भाच्याला कसं सांगायचं. गणित सोडवण्याआधी प्रश्न तुम्ही जसा वाचलात तसा टाइप करून पाठवा आणि न दिसलेल्या जागी [?] टाका. नुसतं ‘फोटो नीट पाठव’ म्हटलंत तर तो तसाच दुसरा फोटो पाठवेल, कारण नीट काय नाही हे त्याला कळलेलंच नसतं. त्याच्यासमोर पुस्तक असतं, त्याला सगळं स्वच्छ दिसतंय. मी असं लिहितो:

‘मी वाचलेला प्रश्न: मुळे काढा, x² − 5x [?] 6 = 0. 6 च्या आधीचं चिन्ह फोटोत दिसत नाही. अधिक असेल तर मुळं २ आणि ३, वजा असेल तर ६ आणि −१. पुस्तकात बघून तेवढं चिन्ह टाइप कर. शिवाय फोटो 0 पाशी कापलाय, खाली आणखी ओळ आहे का?’

यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात. चिन्ह दिसत नाही हे एक, आणि ते काय असू शकतं हे दुसरं. शक्यता दोन-तीनच असतील तर प्रत्येकीचं उत्तर देऊन टाकावं, भाच्याचा खोळंबा होत नाही. जास्त असतील तर उत्तर देऊ नये, रीत सांगावी आणि आकडा मागवावा. कधी कधी हरवलेला आकडा उरलेल्या माहितीवरून पक्का ठरतो. काटकोन त्रिकोणाचा कर्ण १३, एक बाजू ५, दुसऱ्या बाजूचा १ दिसतोय आणि पुढचा आकडा पुसट, तर ती बाजू १२च. तरीही ‘१२ हे मी पायथागोरसवरून काढलं, फोटोत २ दिसत नाही’ असं लिहा, कारण कर्णाचा १३ तुम्ही बरोबर वाचलाय यावर ते सगळं उभं आहे.

प्रत्येक पुसट अक्षरासाठी अडायची मात्र गरज नाही. रमेशने कर्ज घेतलं की सुरेशने, हे कापलं गेलं तर जाऊ द्या. माझी कसोटी साधी आहे: त्या जागी दुसरं काही असू शकेल ते घालून बघायचं. उत्तर बदललं तर विचारायचं, नाही बदललं तर पुढे जायचं.

फोटो काढण्याबद्दल भाच्याला एवढंच सांगा. अख्ख्या पानाचा फोटो नको, प्रश्नाएवढ्याच भागाचा जवळून काढ, म्हणजे त्याच १६०० पिक्सेलमध्ये दशांशचिन्हाला तीनपेक्षा जास्त पिक्सेल मिळतात. वरच्या आणि खालच्या प्रश्नाची एकेक ओळ फोटोत येऊ दे. आणि पाठवताना एचडी निवड, किंवा त्याहून बरं, डॉक्युमेंट म्हणून पाठव, त्यात मूळ फाइल तशीच पोचते. घात आणि कंस भरपूर असलेलं गणित असेल तर फोटोखाली ती एक ओळ टाइपही करायला सांगा, x^2 असं लिहिलं तरी चालतं.