IN-MH मधलं IN कशाला, आणि छत्तीसगडचं खरं कोणतं?

"आमच्या ट्रान्सपोर्टच्या डेटामध्ये राज्याचा कॉलम IN-MH असा येतो, नुसतं MH का नाही चालत? आणि छत्तीसगड एका फाइलमध्ये IN-CT आहे, दुसरीत IN-CG, बरोबर कोणतं?"

नुसतं MH भारतापुरतं चालतं, पण देशांच्या कोडमध्ये MH म्हणजे मार्शल बेटं, आणि GA तर गोवाही आहे, अमेरिकेतलं जॉर्जियाही आहे आणि गॅबॉन नावाचा देशही. म्हणून आयएसओ ३१६६-२ मध्ये, म्हणजे राज्यांच्या कोडच्या जागतिक मानकात, आधी देशाची दोन अक्षरं, मग छोटी आडवी रेघ, मग राज्याचा भाग, जो एक ते तीन अक्षरांचा किंवा आकड्यांचा असतो, जसं जपानमध्ये होक्काइदो JP-01. हा कोड तोडून दोन कॉलम करायचा मोह होतो ना, तो टाळा, कारण तोडला की एक्सेल 01 चं 1 करून टाकतं, आणि पायथनच्या पांडाजमध्ये नामिबियाचं NA रिकामी जागा म्हणून वाचलं जातं. जोडलेला असला की दोन्ही शाबूत राहतात.

आता छत्तीसगड. आपल्या भंडारा रोडवर रायपूरकडून येणाऱ्या ट्रकवर पहिल्यापासून CG च दिसतं, पण आयएसओच्या यादीत कितीतरी वर्षं IN-CT होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते बदललं, सोबत ओडिशा आणि उत्तराखंडही बदलले:

```
IN-CT -> IN-CG
IN-OR -> IN-OD
IN-UT -> IN-UK
```

म्हणजे तुमच्या दोन्ही फाइली आपापल्या काळात बरोबर आहेत, घोळ होतो तो त्या एकमेकींना जोडताना. समजा बिल्टीच्या फाइलमध्ये IN-CT आहे आणि दरांच्या फाइलमध्ये IN-CG, तर इनर जॉइन, म्हणजे दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच ठेवणारी जोडणी, केला की रायपूर, बिलासपूरच्या सगळ्या ओळी गायब होतात आणि एररही येत नाही, महाराष्ट्र नि मध्य प्रदेश नीट दिसतात म्हणून कोणाला शंकाही येत नाही. त्यामुळे बिल्टीच्या सगळ्या ओळी राखणारा लेफ्ट जॉइन करा आणि दराचा रकाना रिकामा राहिलेल्या ओळी राज्यवार मोजा, एखादं राज्य अख्खंच रिकामं निघालं तर समजा कोड बदललाय, कारण टायपिंगची चूक असती तर दोनचार ओळीच सुटल्या असत्या. मग वरच्यासारखा जुना-नवा तक्ता लावून घ्या, पण मूळ कॉलम पुसू नका, नवा शेजारी ठेवा.

आणि गाडीची पाटी पाहून कोड ठरवू नका बरं, तेलंगणाचं आयएसओत TG होतं ते २०२३ च्या त्याच बदलात पाटीप्रमाणे TS झालं, आणि मार्च २०२४ मध्ये पाटीच TS ची TG झाली! तिथे तक्त्यात तारखेचाही एक कॉलम लागेल.