हाफ लाइफ: फिजिक्समधली आणि गोळीची

प्रश्न: फिजिक्समधली हाफ लाइफ आणि औषधाची हाफ लाइफ एकच का? काही औषधं शरीरात इतकी का टिकतात?

हाफ लाइफ म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ. गणित सेम, कारण वेगळं. किरणोत्सारी आयोडीन १३१ चं उदाहरण घ्या, ८ दिवसांत निम्मं उरतं, मग ते तापवा नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा, काहीएक फरक पडत नाही, कारण अणूचं केंद्रकच बदलत असतं. औषधाचं तसं नाही, ते लिव्हर आणि किडनी बाहेर काढतात, म्हणून तीच गोळी किडनी कमजोर असलेल्या आजोबांमध्ये जास्त रेंगाळू शकते.

पॅरासिटामॉलची हाफ लाइफ साधारण अडीच तास धरा. ५०० मिग्रॅ रक्तात गेली की अडीच तासांनी २५०, पाच तासांनी १२५, दहा तासांनी जेमतेम ३१. म्हणून ताप परत चढतो.

आता अमिओडॅरोन बघा, हृदयाचे ठोके अनियमित झाले की देतात ते. हे चरबीत विरघळतं, त्यामुळे रक्तात थोडंच राहतं आणि बाकीचं चरबीत, लिव्हरमध्ये, फुप्फुसात जाऊन बसतं. लिव्हर साफ करणार फक्त रक्तातलं, आणि तिथलं कमी झालं की चरबीतून परत थोडं झिरपतं, म्हणजे टाकी उपसताय पण झरा चालूच. सरासरी हाफ लाइफ दोनेक महिने! गोळी बंद केल्यावरही कित्येक महिने साइड इफेक्ट दिसू शकतात ते यामुळेच, आणि नवीन डॉक्टरला 'ती गोळी बंद केलीय' एवढं सांगून भागत नाही, कधी बंद केली तेही सांगा.