आधी ओल, मग वॉलपेपर

प्रश्न : भाड्याच्या खोलीत एका भिंतीला ओल आहे. स्वखर्चाने रंग आणि वॉलपेपर करायचा विचार आहे. त्याआधी ओल काढून द्या असं मालकांना सांगितलं तर वाईट दिसेल का?

वाईट दिसलं तर दिसू दे. मी भिडेपोटी गप्प बसले आणि नऊ हजारांचा वॉलपेपर कचऱ्यात टाकला.

डोंबिवलीत भाड्याने राहायचो. बेडरूमच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत डाग, रंगाला पोपडे. मालककाका म्हणाले, "पावसाची ओल आहे, उन्हाळ्यात सुकेल. तुम्ही वॉलपेपर लावा की, झाकलं जाईल." मला लिहून हवं होतं, पण नवरा म्हणाला, "चांगला माणूस आहे, लिहून काय मागतेस?" एप्रिलमध्ये वॉलपेपर लावला. गणपतीपर्यंत कडा सुटल्या, वास यायला लागला. ओढून पाहिलं तर मागे काळी बुरशी आणि पांढरा खार.

तेव्हा एका प्लंबरने सांगितलं ते आधी कळायला हवं होतं : डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. पावसाची ओल कोरड्या दिवसांत आक्रसते. आमचा डाग दिवाळीनंतर, कडक कोरड्या हवेतही रेघेबाहेर गेला. म्हणजे पाणी आतलंच. त्या भिंतीपलीकडे आमची नहाणी होती, जाळीजवळच्या फरशीचे सांधे उघडे पडले होते. असं असताना भिंतीवर वॉटरप्रूफ रंग मारणं म्हणजे पाण्याला दुसरी वाट शोधायला लावणं.

तुम्ही फोनवर बोलून मग मेसेज टाकाच, तारखेच्या फोटोंसकट : "काका, या भिंतीला ओल आहे, रेघ मारल्यापासून डाग इतका वाढलाय. पाणी कुठून येतंय ते बघून आधी ते बंद करून घ्याल का? भिंत सुकली की रंगाचा खर्च मी करते." शेवटचं वाक्य गाळू नका, त्यामुळेच मालक ऐकतात.

दुरुस्तीनंतर लगेच रंग नको. पोपडे खरवडून भिंत काही आठवडे उघडी ठेवा. मग हातभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर अजून थांबा.

हो, एक राहिलंच. ओल बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येत असेल तर ते काम सहसा सोसायटीचं असतं. मालकांना पावसाळ्याआधी सोसायटीला अर्ज द्यायला सांगा. आणि करार चार महिन्यांत संपणार असेल तर वॉलपेपरच्या भानगडीत पडूच नका.

आम्ही घर सोडलं तेव्हा "भिंत तुम्ही खराब केली" म्हणून काकांनी डिपॉझिटमधून चार हजार कापले. आधीच्या डागाचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. नवरा अजूनही म्हणतो, माणूस चांगला होता.