रजिस्टरच्या पानाचा फोटो आणि त्यातून कामांची यादी

प्रश्न: सेक्रेटरींनी मिटिंगच्या रजिस्टरचं एक पान फोटो काढून ग्रुपवर टाकलं आणि मला म्हणाले यादी बनवून दे, कोणी काय करायचं आणि कशाची मंजुरी बाकी आहे. हाताने लिहिलेलं आहे. नेमकं कसं करू?

उत्तर:

आधी तो फोटो परत मागा. ग्रुपवर टाकला की व्हॉट्सॲप त्याला दाबून लहान करते आणि मग झूम केलं की शाई पसरल्यासारखी दिसते, म्हणून त्यांना सांगा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि दिवसा खिडकीजवळ रजिस्टर पूर्ण उघडून, वरून सरळ फोटो काढा. जाड रजिस्टरात शिवणीकडचे शब्द आत वळून जातात. आणि एकच पान मागू नका, आधीच्या पानाच्या शेवटच्या ओळी आणि पुढच्या पानाच्या सुरुवातीच्या ओळीपण मागा, कारण ठराव काही पान पाहून संपत नाही. आमच्या इथं एकदा पान "असे ठरले की" वर संपलं होतं आणि काय ठरलं ते मागच्या बाजूला होतं.

मी नागपुरात मनीष नगरकडच्या एका २४ फ्लॅटच्या सोसायटीत चार वर्षं हे काम करून राहिलो, त्या अनुभवावरून सांगतो.

दुसरं, पान जसंच्या तसं टाइप करून घ्या, चुकांसकट. गूगल लेन्सने छापील मराठी बऱ्यापैकी उचलते, पण आमच्या जुन्या सेक्रेटरी काकांचं घसरतं अक्षर त्याच्या बापाला वाचता येत नाही, तिथं हातानेच टाइप करा, एका पानाला अर्धा तास लागते, लागू द्या. जो शब्द लागत नाही तिथं अंदाज मारू नका, [वाचता आलं नाही] असं लिहा.

आणि आकडे. इथं मी स्वतः मार खाल्ला म्हणून जरा लांबून सांगतो. पानावर ओळ होती, "बोअरची मोटर दुरुस्ती, खर्च रु. १८,०००/- पर्यंत, मंजूर." काका तारखा इंग्रजी आकड्यात लिहायचे आणि पैसे मराठी आकड्यात, एकाच ओळीत दोन्ही. मराठी एक हा घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखाच दिसते, वर गोल आणि खाली शेपटी. मी वाचलं अठ्ठ्याण्णव हजार. आता आमच्या उपविधीत समितीला आमसभेशिवाय दुरुस्तीवर २५ हजारांपर्यंतच खर्च करता येते, म्हणून मी यादीत इमानदारीने लिहिलं की मोटरचा खर्च आमसभेपुढे ठेवायचा, मंजुरी बाकी. एप्रिल सुरू झाला होता बाप्पा, नागपूरचा एप्रिल, आणि मोटर बंद, टँकर चालू, आणि सगळे थांबून राहिले की आमसभा केव्हा होते. दहा दिवसांनी खजिनदार म्हणाले, अरे फाइलमध्ये कोटेशन अठरा हजाराचंच आहे ना. एका शेपटीपायी दहा दिवस गेले.

तेव्हापासून माझा नियम, रक्कम पानावरच्या नुसत्या आकड्यावरून कधीच उचलायची नाही, कोटेशन किंवा बिलाशी ताडून पाहायची, आणि पानावर अक्षरी रक्कम असली तर तीच धरायची. तीन आणि सहाचंही असंच होते, एकमेकाच्या आरशासारखे आहेत. फ्लॅट नंबर तपासायचा तर सोपा उपाय म्हणजे तो नंबर तुमच्या बिल्डिंगमध्ये आहे का ते पाहायचं. आमच्याकडे सहावा मजलाच नाही, म्हणून ६०२ लिहिलेलं दिसलं की तो ३०२ असते.

आता मुख्य काम. टाइप झालं की प्रत्येक वाक्याचं शेवटचं क्रियापद पाहा, विषय नंतर. "चर्चा झाली", "निदर्शनास आणले", "वाचून कायम करण्यात आले" अशा वाक्यातून कोणतंच काम निघत नाही, ती सोडा. "करावे", "मागवावेत", "द्यावी" अशी असली तर काम. "पुढील सभेत ठेवावे", "आमसभेच्या मान्यतेस अधीन राहून" असं असलं तर मंजुरी बाकी. कधीकधी एकाच वाक्यात दोन्ही असते. आमच्या पानावर होतं, "२०३ यांनी पार्किंगमध्ये शेडची परवानगी मागितली, सचिवांनी पुढील सभेत ठेवावे." हे सेक्रेटरींचं काम पण झालं, विषयपत्रिकेत घालायचं, आणि २०३ ची परवानगीही लटकून आहे. दोन वेगळ्या ओळी करा, नाहीतर सेक्रेटरींनी विषय ठेवला की यादीवर टिक पडते आणि २०३ वाले समजतात शेड मंजूर झाली, आणि दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाला येऊन उभा.

"मंजूर" या शब्दावर तर लगेच विश्वास ठेवूच नका. काय मंजूर झालं ते वाचा. आमच्याच पानावरची ओळ जशीच्या तशी देतो:

"गच्चीचे वॉटरप्रूफिंगबाबत चर्चा झाली. गळती वाढल्याचे ४०१ यांनी सांगितले. तीन कोटेशन मागवावेत असे ठरले. सूचक ४०१, अनुमोदक १०४. सर्वानुमते मंजूर."

ग्रुपवर दुसऱ्या दिवशी मेसेज आला, वॉटरप्रूफिंग मंजूर झालं, अभिनंदन. नाही ना भाऊ! मंजूर झालं ते कोटेशन मागवणं. कोणतं कोटेशन घ्यायचं ते बाकी, खर्च बाकी, आणि २४ फ्लॅटच्या गच्चीचं काम २५ हजारात तर होत नाही, म्हणजे ते आमसभेत जाणारच. यादीत मी असं लिहिलं, काम: तीन कोटेशन मागवणे. मंजुरी बाकी: कोटेशनची निवड, समितीकडे. मंजुरी बाकी: खर्च, आमसभेकडे. मंजुरी "बाकी" एवढंच लिहून भागत नाही, कोणाकडे बाकी ते लिहा, समिती, आमसभा, की बाहेरचं ऑफिस. समितीकडची गोष्ट पुढच्या महिन्यात निघते, आमसभेला मात्र आगाऊ लेखी सूचना द्यावी लागते, तेवढ्यात पावसाळा येऊन जाते. तुमची मर्यादा किती ते तुमच्या उपविधीत पाहा, सभासदसंख्येवर असते. आणि हो, नागपुरात बऱ्याच बिल्डिंगा सोसायटी म्हणवतात पण नोंदणी १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असते, त्यांचे नियम डीड ऑफ डिक्लरेशनसोबतच्या उपविधीत राहतात, तेव्हा आधी तुमचं काय आहे ते कागद काढून बघा, शेजारच्या बिल्डिंगचा नियम लावू नका.

आता त्याच ओळीत पाहा, काम कोणाचं? नवीन माणूस हमखास ४०१ लिहिते, कारण सूचक म्हणून त्यांचं नाव आहे. सूचक म्हणजे ज्याने ठराव मांडला तो, अनुमोदक म्हणजे ज्याने पाठिंबा दिला तो, यातल्या कोणाच्याच गळ्यात काम पडत नाही. मी पहिल्या वर्षी हेच केलं होतं आणि ४०१ च्या काकू खाली येऊन म्हणाल्या, "मी फक्त तोंड उघडलं तर काम माझ्याच गळ्यात काहून टाकलं?" बरोबर होतं त्यांचं. "मागवावेत असे ठरले" यात कोणी मागवावेत ते नाहीच, आपली इतिवृत्ताची भाषाच अशी की करणारा माणूस गायब होते. अशा ठिकाणी "कोण" च्या रकान्यात "नाव नाही, सचिवांना विचारायचं" असं लिहा, स्वतः नाव भरू नका. तुम्ही भरलेलं नाव पुढच्या मिटिंगमध्ये ठराव म्हणून वाचलं जाते.

नाव असलं तरी आडनावापुरतं लिहू नका. आमच्याकडे दोन देशमुख आहेत, एक १०२ आणि एक ३०४, आणि दोघंही समितीत. पानावर नुसतं "श्री. देशमुख यांनी लिफ्टवाल्याशी बोलावे" होतं, दोघंही एकमेकाकडे बघून राहिले आणि लिफ्टचा एएमसी संपून गेला. पद किंवा फ्लॅट नंबर लिहा.

"आयत्या वेळचे विषय" जपून वाचा. तिथं मिटिंग संपत आलेली असते, चहा आलेला असते, आणि लिहिणारा दोन शब्दात उरकते. "सीसीटीव्ही, अध्यक्ष पाहतील." हे काम आहे का मंजुरी? दोन्ही नाही, हे आश्वासन आहे. मी त्याला वेगळं ठेवतो आणि समोर लिहितो, खर्चाची मंजुरी पानावर नाही.

तारीख बहुतेक कामांना नसतेच. "लवकरात लवकर" म्हणजे कधी ते कोणालाच ठाऊक नाही, तिथं रकाना रिकामा ठेवा आणि विचारा.

यादीच्या कागदावर माझा एक रकाना पक्का असते, पानावरचं वाक्य जसंच्या तसं. भांडण झालं की तोच कामात येते, मोबाइलवर दाखवायचा आणि गप्प बसायचं.

पानाखाली अध्यक्षांची सही आहे का तेही बघा. इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम होते, तोवर यादीच्या डोक्यावर "कच्ची" असं लिहा. आणि वाचताना रजिस्टरात चूक सापडली तर त्यावर खाडाखोड करायला कोणाला सांगू नका, ती दुरुस्ती कायम करतेवेळी मांडायची असते आणि तिची नोंदही त्याच सभेत होते.

एक गोष्ट ग्रुपवर टाकायच्या आधी. आमच्या पानावर थकबाकीदारांना नोटीस द्यायचा ठराव होता, समोर फ्लॅट नंबर आणि रकमा. ग्रुपच्या यादीत मी फक्त "थकबाकीच्या नोटिसा, सचिव" एवढंच लिहितो. नंबर आणि रकमा समितीच्या प्रतीत. भाडेकरू पण असतात ग्रुपमध्ये, उगाच कोणाची इज्जत कशाला काढायची.

शेवटी ग्रुपवर टाकू नका लगेच, आधी सेक्रेटरींना फोन करा आणि फक्त रिकाम्या जागा विचारा. त्या पानावर माझे तीनच प्रश्न निघाले होते: कोटेशन कोण मागवणार, देशमुख म्हणजे कोणते, नोटिसा कोणत्या तारखेपर्यंत. ते म्हणाले, कोटेशन खजिनदार, देशमुख ३०४ वाले, नोटिसा पंधरा तारखेपर्यंत. पाच मिनिटं लागली. मी समोर कंसात "सचिवांनी फोनवर सांगितलं" असं लिहिलं, कारण ते पानावर नव्हतं, आणि पुढच्या मिटिंगला ते वाचून रजिस्टरात घालून घेतलं.