छापा-काट्याच्या खेळात नेमके किती वेळा छापा ठेवावा?

प्रश्न: सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत मित्राशी खेळलो. दोघेही नाणे झाकून ठेवतो. दोन्ही छापे निघाले तर मला ३ रुपये, दोन्ही काटे निघाले तर १ रुपया. न जुळल्यास मी २ रुपये देतो. मी काय ठेवावे?

उत्तर: आठपैकी सरासरी तीन वेळा छापा ठेवावा, तरीही दर डावाला सरासरी साडेबारा पैसे तुम्हीच गमवाल.

कोणतीही ठरलेली चाल येथे टिकत नाही, कारण जुळले तर मित्र चाल बदलेल आणि न जुळले तर तुम्ही बदलाल. म्हणून छाप्याची संभाव्यता p अशी निवडावी लागते, की मित्राने काहीही ठेवले तरी तुमची सरासरी प्राप्ती सारखीच राहील. त्याने छापा ठेवल्यास ती 3p − 2(1 − p) आणि काटा ठेवल्यास −2p + (1 − p) होते; दोन्ही समान धरल्यास p = 3/8 आणि प्राप्ती −1/8 रुपया येते. मित्राच्या बाजूनेही हेच प्रमाण निघते.

निम्मे-निम्मे खेळलात, तर मित्र सतत काटा ठेवून दर डावाला सरासरी पन्नास पैसे काढील. आठाचा ठरावीक क्रम लावणेही घातक, कारण तो ओळखला जातो. त्यापेक्षा प्रत्येक डावापूर्वी नाणे गुपचूप तीनदा उडवावे आणि नेमका एकच छापा आला तरच छापा ठेवावा. त्याची संभाव्यता बरोबर 3/8 असते.