लायब्ररीच्या वाचन उपक्रमाची कन्सेप्ट नोट

प्रश्न: खानापूरकडच्या मराठी शाळेत शिकवते, लायब्ररीसाठी वाचन उपक्रम मॅनेजमेंटसमोर मांडायचाय, नोटमध्ये उद्दिष्ट, खर्च, रिझल्ट कसा लिहू?

उत्तर: मॅडम, दोन पानांच्या वर जाऊ नका, आणि लिहायच्या आधी चौथी-पाचवीच्या पोरांना एकेक करून वाचायला लावा. ‘असर’ या शिक्षण सर्वेक्षणातली वाचनाची चाचणी वापरा की, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या असतात आणि एका पोराला पाचेक मिनिटं पुरतात. समजा ४० पैकी १८ जण गोष्टीपर्यंत पोचले, तर उद्दिष्ट तिथूनच निघतं: मार्चपर्यंत ते १८ चे २८ करायचे. ‘वाचनाची गोडी लागेल’ असं रिझल्टमध्ये लिहू नका, ते मोजणार कसं? तीच चाचणी मार्चमध्ये परत घेणार, एवढं लिहा.

खर्च असा मांडा: पातळ चित्रांची पुस्तकं १२०, सरासरी ६० रुपये धरून ७,२००, पुस्तकं टांगायला भिंतीला दोरी आणि चिमटे ५००, चिकटपट्टी-बाइंडिंगला ८००, एकूण ८,५००. बाइंडिंगची ओळ अजिबात गाळू नका, ती नसली की पुस्तक फाटेल या भीतीनं कपाटाला कुलूप लागतं आणि उपक्रम तिथंच संपतो, म्हणून ‘फाटलेल्या पुस्तकाचा दंड मुलांकडून घेणार नाही’ हेही नोटमध्ये लिहूनच घ्या. थोडी कन्नड पुस्तकं पण धरा, पोरांना तो विषय आहेच, कमिटीतल्या कन्नड मंडळींनाही बरं वाटतं. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर दोन्ही भाषांतल्या गोष्टी फुकट मिळतात, प्रिंट काढता येतात.

आणि टाइमटेबलमधला आठवड्याचा एक तास नावानिशी मागा, पैसे मिळतात हो, तास मिळत नाही.