पाणी साचल्यावर मका पिवळा पडला: पुन्हा युरिया किती आणि कधी?

प्रश्न: दोन एकर मका आहे. एक एकर खोल काळं रान, दुसरा एकर टेकडीलगत मुरमाड. पेरणीनंतर 25 दिवसांनी एकरी 35 किलो युरिया दिला. त्यानंतर दहाव्या दिवसापासून तीन दिवस धो धो पाऊस. काळ्या रानात पुढे चार दिवस पाणी साचून होतं, मुरमाडात लगेच जिरलं. आता दोन्हीकडं खालची पानं पिवळी पडलीत. टाकलेला युरिया गेला का? पुन्हा 35 किलो टाकू का?

उत्तर: सगळा गेलेला नाही, आणि पुन्हा 35 किलो टाकायची गरज नाही. मात्र दोन्ही रानांत नत्र वेगवेगळ्या वाटेनं गेलं आहे, म्हणून उपायही थोडा वेगळा आहे.

युरियातलं नत्र जमिनीत पडल्यावर रूप बदलतं. ओलसर, उबदार जमिनीत दोन-चार दिवसांत त्याचं अमोनियम होतं. अमोनियमवर धन विद्युतभार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण, म्हणून ते मातीला धरून राहतं. पावसानं सहज हलत नाही. पुढे जमिनीतले जीवाणू हवेतला प्राणवायू वापरून अमोनियमचं नायट्रेट करतात. हे नायट्रीकरण. आपल्याकडच्या पावसाळी उष्णतेत त्याला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. नायट्रेटचा भार ऋण असतो, त्यामुळे माती त्याला धरत नाही. ते पाण्यात विरघळून पाण्याबरोबर फिरतं. पिकाला ते लगेच मिळतं आणि नुकसानही त्याचंच होतं.

तुमच्या बाबतीत पाऊस दहाव्या दिवशी आला, म्हणजे अंदाजे निम्मंच नत्र नायट्रेट झालेलं होतं. 35 किलो युरियात 46 टक्क्यांच्या हिशोबानं 16 किलो नत्र असतं. तोपर्यंत पिकानं चारेक किलो उचललं असं धरू. उरलेल्या 12 किलोंपैकी सहाएक किलो अमोनियम आणि सहाएक किलो नायट्रेट. हा ढोबळ हिशोब आहे, पण निर्णयाला पुरेसा आहे.

मुरमाड रानात हे नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरलं. अशा हलक्या, उथळ जमिनीत 25 मिलिमीटर पाणी जिरलं की नायट्रेट सुमारे एक फूट खाली सरकतं. तीन दिवसांच्या जोरदार पावसात ते मुळांच्या टप्प्याबाहेर गेलं असं समजा. सहाच्या सहा किलो परत येणार नाहीत.

काळ्या रानात नायट्रेट वाहून जायला वाट नव्हती, पण हवाही नव्हती. मातीतली पोकळी पाण्यानं भरली की एक-दोन दिवसांत प्राणवायू संपतो. मग काही जीवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि नत्र वायूच्या रूपानं हवेत सोडतात. याला विनायट्रीकरण म्हणतात. उबदार जमिनीत चार दिवस पाणी साचलं तर निम्म्याहून जास्त नायट्रेट असं उडून जाऊ शकतं. तुमच्याकडे चारेक किलो गेलं असेल. कच्चं शेणखत किंवा ओला पालापाचोळा नुकताच गाडला असेल तर नुकसान आणखी वाढतं, कारण त्या जीवाणूंना खाद्य मिळतं.

अमोनियम मात्र काळ्या रानात अजून जागेवर आहे. प्राणवायू नसला की नायट्रीकरणही थांबतं, म्हणून साचलेल्या पाण्यानं उलट ते राखून ठेवलं. वाफसा आल्यावर त्याचं पुन्हा नायट्रेट होऊ लागेल आणि पीक थोडं आपोआप हिरवं होईल. जमिनीतल्या सेंद्रिय पदार्थांचं खनिजीकरण, म्हणजे कुजून त्यातलं नत्र मोकळं होणं, हेही हवा परतल्यावर वेग घेतं. पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. सेंद्रिय कर्ब 0.5 टक्के असलेल्या एकराच्या वरच्या सहा इंचांत एकूण सेंद्रिय नत्र सुमारे 400 किलो असतं आणि वर्षात त्यातलं दोनेक टक्केच, म्हणजे आठेक किलो, मोकळं होतं. त्यातलाही मोठा वाटा जूनच्या पहिल्या पावसात, कोरडी माती भिजताच सुटतो; तेव्हा मक्याला उचलायला मुळं नसतात.

आता पिवळेपणा नक्की नत्राचाच आहे ना, ते आधी बघा. नत्र कमी असेल तर खालच्या जुन्या पानांच्या टोकापासून मधल्या शिरेवरून पिवळा इंग्रजी ‘व्ही’ आत सरकतो आणि वरची पानं त्या मानानं हिरवी राहतात. वरची कोवळी पानं शिरांमध्ये पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर ती बहुधा लोहाची कमतरता; चुनखडीच्या काळ्या रानात ती दिसते आणि युरियानं भरून निघत नाही. काळ्या रानातलं एखादं ताट उपटून मूळ बघा. मुळं तपकिरी, मऊ आणि माती निळसर-राखाडी, कुबट वासाची असेल, तर मुळं गुदमरली आहेत. त्यांना खत उचलताच येणार नाही. आधी चर काढून पाणी बाहेर काढा.

मात्रा अशी धरा. मक्याला हेक्टरी 120 किलो नत्र तीन हप्त्यांत द्यायचं असतं, म्हणजे एकरी दर हप्त्याला सुमारे 35 किलो युरिया. तुमचा तिसरा हप्ता पेरणीनंतर 40 ते 45 दिवसांनी, म्हणजे आताच येतो आहे. काळ्या रानात गेलेले चार किलो नत्र भरायला 9 ते 10 किलो युरिया लागेल. तो तिसऱ्या हप्त्यात मिळवला की 45 किलो होतो, बरोबर एक गोणी. मुरमाडात 13 किलो वाढवून 48 किलो द्या, पण एकदम नाही: 24 किलो आता आणि 24 किलो आठ-दहा दिवसांनी. नाहीतर पुढच्या पावसात तीच कथा.

वाफसा येईपर्यंत युरिया टाकू नका. ओल्या मातीवर पसरलेला युरिया ऊन पडताच अमोनिया होऊन उडतो आणि चुनखडीच्या, जास्त सामूच्या जमिनीत हे जास्त होतं. ओळीपासून वीतभर अंतरावर, दोन इंच खोल पाडून लगेच मातीची भर द्या. भर लावायची वेळही हीच आहे.

काळ्या रानात वाफशाला आठवडा लागणार असेल आणि मुळं बरी असतील, तर 2 टक्के युरियाची फवारणी करा: 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी. एकरी 200 लिटर पाण्यातून यात दोन किलोपेक्षा कमीच नत्र जातं. हा तात्पुरता आधार आहे, हप्त्याच्या हिशोबातून तो वजा करू नका.

निमकोटेड युरिया वापरूनही असं का झालं, असं वाटेल. निंबोळी तेल नायट्रीकरण थोडं लांबवतं, थांबवत नाही. दहा दिवसांनंतर त्याचा फारसा भरवसा नाही. आणि मृदा आरोग्य पत्रिकेवरचा उपलब्ध नत्राचा आकडा बघून आता मात्रा ठरवू नका. ती चाचणी सहज मोकळं होऊ शकणारं सेंद्रिय नत्र प्रामुख्यानं मोजते. गेल्या आठवड्यात नायट्रेट किती गेलं, हे त्या आकड्यात दिसत नाही.